शिक्का मारताना सोडलेला श्वास

पहाटे ५.४०

गजर वाजला तरी मी लगेच उठत नाही, उताणीच पडून राहते. बेंबीच्या जरा वर अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी ठेवते आणि पाच मिनिटं ती वर-खाली होताना बघते. मनात चार आकडे मोजेपर्यंत नाकानं श्वास आत, सहा मोजेपर्यंत नाकानंच बाहेर. एका श्वासाला दहा सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला सहा श्वास होतात. पुरचुंडी जागची हलत नसेल आणि खांदे उचलले जात असतील, तर श्वास छातीच्या वरच्या भागातच अडकलाय हे कळतं. मग मोजणं सोडून देते आणि आधी पोट सैल करते.

मी बार्शीला एका बँकेच्या शाखेत हेड कॅशिअर आहे. दोन वर्षांपूर्वी दुपारी बाराच्या सुमारास छातीत धडधड सुरू व्हायची, बोटांना मुंग्या यायच्या, ओठांभोवती बधिर वाटायचं आणि संध्याकाळी जबडा इतका दुखायचा की भाकरी चावणं नको व्हायचं. आधी डॉक्टरांकडे गेले, आणि तेच पहिल्यांदा करायला हवं होतं. ईसीजी, रक्तदाब, साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन असं सगळं बघून झालं. थायरॉइड वाढलेलं असलं किंवा रक्त कमी असलं तरी अशीच धडधड होते, आणि ती श्वासाच्या व्यायामानं जात नाही. माझं हिमोग्लोबिन थोडं कमी होतं, त्याच्या गोळ्या झाल्या. बाकी काही निघालं नाही. तेव्हा डॉक्टरांनी सोलापूरच्या एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या बाईंनी मला कळू न देता माझे श्वास मोजले. नुसती खुर्चीत बसलेली असताना मिनिटाला २२. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० असतात.

मिनिटाला सहा हा आकडा कुठून आला, हे मी त्यांना विचारलं होतं. या गतीला हृदयाचे ठोके आणि रक्तदाबाची चढउतार एका लयीत येतात, असं त्यांनी सांगितलं. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा अभ्यास छापून आला होता. त्यात लॅटिन भाषेतली जपमाळेची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले, तर दोन्हींत ते आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास उतरले होते. आपल्याकडे लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं आणि प्राणायामाचा शरीरावर होणारा परिणाम यंत्रांनी मोजायला सुरुवात केली, ती त्याच्या कितीतरी आधी.

पहाटेचा हा सराव कॅशच्या खिडकीत बसल्यावर उपयोगी पडावा म्हणून आहे. पहिले दोन आठवडे मी पहाटेचा कंटाळा करून थेट गर्दीतच प्रयोग करायला गेले आणि धडधड उलट वाढली. घरच्या शांततेत शरीराला जी गोष्ट माहीत नाही, ती त्याला भांडणाच्या वेळी सुचत नाही.

सकाळी ८.३०

आज नोव्हेंबरचा पहिला सोमवार. पेन्शनरांचे हयातीचे दाखले सुरू झालेत, आणि लाडक्या बहिणींचा हप्ता जमा झाल्याची बातमी रात्रीच गावभर झालीय. दार उघडायच्या आधीच बाहेर रांग असणार.

अशा दिवशी पूर्वी मी नुसत्या चहावर निघायचे, शाखेत अकरापर्यंत आणखी दोन कप व्हायचे. रिकाम्या पोटी तीन चहा झाले की बाराची धडधड ठरलेली, हे नोंदवहीमुळं कळलं. खिशात मावेल एवढी वही आहे ती. त्रास झाला की वेळ, काय झालं आणि त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात काय घडलं, एवढंच त्यात लिहायचं. आता निघताना भाकरीचा चतकोर आणि दही, मग एक कप चहा. दुसरा कप जेवणानंतर.

सकाळी ९.४५

स्ट्राँग रूमला दोन किल्ल्या लागतात, एक माझ्याकडे, एक अधिकाऱ्यांकडे. एकट्याला उघडताच येत नाही. साहेब त्यांची किल्ली आणेपर्यंत एक-दोन मिनिटं मी त्या लोखंडी दारासमोर उभी असते. पूर्वी ही वेळ दिवसभरात काय काय बिघडेल याचा विचार करण्यात जायची. आता त्यात खांदे कानांपर्यंत उचलते, पाच सेकंद घट्ट धरते आणि एकदम सोडून देते. असं तीनदा. स्नायू आधी मुद्दाम आवळला की सोडल्यावर तो किती सैल होऊ शकतो हे शरीराला समजतं. नुसतं ‘सैल सोड’ म्हटलं तर माझे खांदे ऐकत नाहीत.

सकाळी १०.००

दार उघडतं. पहिल्याच दोन मिनिटांत खिडकीपुढं दहा-बारा जण.

कॅशिअर नोटा मोजताना श्वास धरतो. मलाच याचा पत्ता नव्हता, फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला शंभर कागद मोजायला लावले तेव्हा दिसलं. शंभराची गड्डी हातानं मोजायला चाळीसेक सेकंद लागतात. त्यातले निम्मे तरी मी श्वास रोखूनच असायचे, आणि मोजणी संपली की तोंडानं मोठा उसासा टाकायचे. दिवसाला अशा किती गड्ड्या. संगणकावर ईमेल वाचतानाही माणसं अशीच श्वास धरून बसतात हे लिंडा स्टोन नावाच्या अमेरिकन लेखिकेनं २००८ मध्ये लिहिलं, आणि त्याला नावही दिलं. नोटा मोजणाऱ्यांबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचण्यात नाही.

यावर उपाय म्हणून मी मोजायची पद्धतच थोडी बदलली. मशीनवरून गेलेली गड्डी हातानं पडताळताना दर दहा नोटांना थांबते आणि त्या थांब्यावर श्वास सोडते. गड्डीमागं चार-पाच सेकंद जास्त जातात. गर्दीच्या दिवशी रांगेतल्या एखाद्याला ते दिसतंही, पण मोजणीत चूक होऊन पुन्हा मोजण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

दुसरा थांबा शिक्क्याचा. प्रत्येक पावतीवर ‘रोख अदा’चा शिक्का मारायचाच असतो. शिक्का शाईच्या पॅडवर टेकवताना श्वास आत, कागदावर दाबून उचलेपर्यंत बाहेर. कामातली जी हालचाल मी दिवसाला दोनशे वेळा करणारच आहे, तिलाच श्वास बांधून टाकला. मोबाइलवर दर तासाला आठवणीचा गजर लावायचाही प्रयोग केला होता. तो नेमका एखादी आजी अंगठा लावत असताना वाजायचा, आणि माझ्या आधी तीच दचकायची.

सकाळी ११.३०

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या वेळेनं.

अकरानंतर हॉल भरतो. एका पेन्शनर आजींना ऐकू कमी येतं. काचेच्या आडून त्यांना सांगायचं, “आजी, आधार कार्ड आणलंय का? आधार!” त्या म्हणतात, “व्हय, उधार नको मला, माझंच हाय ते!” मी आणखी आवाज चढवते. मोठ्यानं बोलताना माणूस वाक्यामागं एक मोठा श्वास तोंडानं ओढतो, पुन्हा बोलतो, पुन्हा ओढतो. तासभर असं चाललं की शरीर बसलेलं असतं पण श्वास मात्र जिना चढणाऱ्याचा चालू असतो.

त्यानं काय होतं, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला तर रक्तातला प्राणवायू काही वाढत नाही, तो आधीच जवळजवळ भरलेला असतो. मात्र कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो. तो कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोकं हलकं होतं. रक्ताचं आम्ल-अल्क प्रमाण सरकतं, त्यामुळं नसा उगाच चाळवतात आणि बोटांना, ओठांना मुंग्या येतात. छातीचे वरचे स्नायू सारखे उचलून दमतात, म्हणून मान आखडते. आणि गंमत अशी की या सगळ्यात माणसाला वाटतं, आपल्याला हवा पुरत नाही. मग तो आणखी मोठा श्वास घेतो.

म्हणूनच शेजारच्या खिडकीतल्या मॅडम मायेनं म्हणायच्या, “अगं, दीर्घ श्वास घे दोन-चार,” तेव्हा माझ्या मुंग्या वाढायच्या. त्यांचा हेतू चांगला होता, सल्ला मात्र माझ्या दुखण्याला उलटा होता. मला जास्त हवा नको होती, कमी आणि सावकाश हवी होती. श्वास आत किती घेतला यापेक्षा बाहेर किती वेळ सोडला हे महत्त्वाचं. मनगटाची नाडी धरून बघितलं तर कुणालाही हे कळेल. श्वास आत घेताना ठोके किंचित भराभर पडतात, सोडताना किंचित संथ होतात. उच्छ्वास लांबला की त्या संथ बाजूला हृदय जास्त वेळ राहतं.

आज ११.३५ ला उजव्या हाताच्या करंगळीत पहिली मुंगी आली. आजींना मी खुणेनं थांबवलं, ‘आधार कार्ड’ हे दोन शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहिले आणि तो कागद काचेला आतून लावला. आजींनी वाचलं, पिशवीतून कार्ड काढलं. तेवढ्या अर्ध्या मिनिटात तोंड मिटून तीन श्वास झाले, दर वेळी बाहेर जाणारा लांब. मुंगी मनगटापर्यंत आली नाही.

दुपारी १२.१०

एका दुकानदारानं भरण्यासाठी बेचाळीस हजार आणले. मशीननं पाचशेची एक नोट बाजूला टाकली. हातात घेतली, कागद गुळगुळीत, तिरपी धरली तर सुरक्षा धाग्याचा रंग बदलत नाही. बनावट.

अशी नोट परत देता येत नाही. ग्राहकासमोरच तिच्यावर बनावट असल्याचा शिक्का मारायचा, नोंदवहीत लिहायचं, ठरलेल्या नमुन्यातली पोचपावती करायची आणि तिच्यावर माझी व त्यांची सही घ्यायची. एका वेळी चारपर्यंत नोटा सापडल्या तर पोलिसांना महिन्याचा एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा नोंदवण्यासाठी कळवावं लागतं. दुकानदारांना यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. “माझे पाचशे बुडवता का ओ मॅडम? मी काय नोटा छापतो का घरी?” मागची रांग पुढं सरकून ऐकू लागली.

माझे हात गार पडले, मानेमागं ताठरलं, कानांत ठोके ऐकू यायला लागले. हे होणारच. समोर माणूस ओरडत असताना अंगात जे उसळतं ते श्वासानं थांबवता येत नाही, आणि मी तसा प्रयत्नही करत नाही. अशा वेळी चार-सहा मोजत बसणं मला जमलेलंही नाही, मोजणी चुकते आणि त्या चुकीचाच ताण येतो. मी दुसरी युक्ती वापरते. नाकानं एक श्वास, तो पूर्ण होताच वरून आणखी एक छोटा घोट, आणि मग ओठ थोडे मिटून सावकाश सोडायचा, अगदी संपेपर्यंत. लहान मूल रडून थांबताना आपोआप घेतं तसा. हा दोनदाच, फार तर तीनदा. पाच-सहा वेळा केला तर पुन्हा जास्त हवेचंच दुखणं ओढवतं.

दोन उसासे झाल्यावर मी पावती लिहायला घेतली आणि प्रत्येक ओळ उच्छ्वासावर लिहिली. तारीख, नोटेचा क्रमांक, त्यांचं नाव. आवाज मुद्दाम खाली आणला, वाक्यं छोटी केली. “दादा, नोट माझ्याकडं राहत नाही. तुमचं नाव खराब होऊ नये म्हणूनच ही पावती.” पावतीची दुसरी सही होईपर्यंत ते शांत झाले नाहीत, पण बाजूला झाले.

हात गारच होते. मात्र पूर्वी अशा प्रसंगानंतर वीसेक मिनिटांनी, सगळं मिटल्यावर, धडधड यायची. वहीतल्या नोंदींत हे वारंवार दिसत होतं की त्रास भांडणात होत नाही, मागाहून होतो. कारण भांडण संपलं तरी श्वास भांडणाचाच चालू राहायचा, आणि मी लगेच पुढच्या गड्डीवर तो रोखून धरायचे. म्हणून आता नियम केलाय की अशा प्रसंगानंतर एक माणूस सोडून उठायचं. कॅश उघडी ठेवून कॅशिअरला उठता येत नाही, म्हणून आधी ड्रॉवरला कुलूप, स्क्रीन बंद, किल्ली कमरेला. साहेबांना नुसती मान हलवते, त्यांना माहीत आहे. मागच्या दारानं आवारातल्या कडुलिंबापर्यंत जायचं आणि यायचं. तीन मिनिटं, साधारण अडीचशे पावलं. तीन पावलांत श्वास आत, पाच पावलांत बाहेर, हात मोकळे हलते. शरीरानं पळण्यासाठी जी तयारी केलेली असते, तिला निदान चालायला तरी मिळतं. डोळे दोन तास हातभर अंतरावर खिळलेले असतात, ते झाडाच्या शेंड्यापर्यंत जातात. परत येताना पाणी.

खिडकीवर “अजून तीन मिनिटं” असा फलक लावलेला असतो. त्यावर आजवर कुणी भांडलेलं नाही. कॅशिअर न सांगता उठली की भांडतात.

दुपारी २.००

डबा बाराव्या मिनिटाला संपवायची माझी सवय होती. आता वीस मिनिटं जेवण आणि दहा मिनिटं चालणं. कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत जाऊन यायचं, मोबाइल शाखेतच ठेवायचा. जेवणानंतर थोडं चालल्यानं साखर फार उसळत नाही, आणि तीनची ती डोकं जड करणारी झापडही मला कमी जाणवते.

दुपारी ३.१५

जबडा. दर वेळी स्क्रीनवर खातेक्रमांक टाकताना तपासते, ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं टेकलेलं. दात दातांवर असतील तर अजाणता आवळले गेलेत.

दुपारी ४.४०

कॅश जुळेना. साडेचार हजार कमी.

हेड कॅशिअरच्या पोटात खड्डा पडतो तो हा क्षण. तफावत निघाली नाही तर ती माझ्या खिशातून जाते. पूर्वी मी लगेच सगळी रोकड पुन्हा मोजायला घ्यायचे, श्वास धरून, घाईनं. दुसऱ्या मोजणीत वेगळा आकडा, तिसऱ्यात तिसराच. बोटं थरथरत असताना केलेली मोजणी ही मोजणीच नसते, हे मान्य करायला मला फार वर्षं लागली.

आज ड्रॉवरला कुलूप घातलं, किल्ली घेतली आणि कडुलिंबापर्यंत एक फेरी मारली. परत येऊन दोन्ही तळवे टेबलावर सपाट टेकवून सहा श्वास घेतले. एक मिनिट. तळव्यांचा थरकाप थांबला की नाही हे टेबलावर लगेच कळतं, हवेत धरलेल्या हातात कळत नाही. मग मोजायला न घेता आधी आकड्याकडं बघितलं. ४,५०० ला ९ नं भाग जातो, बरोबर ५००. तफावतीला नऊनं नि:शेष भाग गेला की एखादं शून्य सुटलेलं असायची किंवा अंक उलटसुलट पडलेले असायची शक्यता मोठी, हे आम्हाला जुन्या हेड कॅशिअरांनी शिकवलेलं. ५,००० आणि ५०० यांतला फरक साडेचार हजार. पाच हजारांच्या काढणी स्लिपा बाजूला काढल्या आणि एकेक स्क्रीनशी पडताळली. अकरावी स्लिप सकाळी ११.४२ ची निघाली. पाच हजार दिलेले, संगणकावर ५००. आधार कार्डाच्या आजींच्या नंतरचं दुसरं गिऱ्हाईक.

करंगळीत मुंगी आली होती, त्यानंतर सात मिनिटांनी.

संध्याकाळी ५.५०

दुरुस्तीची नोंद झाली, कॅश जुळली, दोन किल्ल्या फिरल्या. शिपाईमामा बाहेरचं शटर ओढता ओढता छातीवर हात चोळत म्हणाले, “मॅडम, मलाबी शिकवा की ते श्वासाचं. जिना चढलं की हितं दाबल्यागत होतं, डावा हात जड पडतो.”

मी त्यांना श्वासाचं काही शिकवलं नाही. चढताना येणारा आणि बसलं की जाणारा दाब, हातात उतरणारी जडशीळ कळ, हे माझं दुखणं नाही. माझ्या मुंग्या बसल्या जागी, बोलण्यानं यायच्या आणि चालल्यावर कमी व्हायच्या. त्यांचं बरोबर उलटं होतं. साहेबांची गाडी काढून त्यांना त्याच पावली दवाखान्यात पाठवलं. मुलाला फोन केला. ईसीजी काढलाय आणि रात्री ठेवून घेतलंय, एवढं साडेसातला कळलं.

रात्री ९.३०

वही काढली. ११.३५, उजवी करंगळी, मोठ्यानं बोलणे, दीड मिनिट. १२.१०, हात गार, बनावट नोट, सहा मिनिटं. नंतर धडधड नाही. ४.४०, बोटांना कंप, तफावत, चार मिनिटं. ११.४२ च्या स्लिपेपुढं वेगळी खूण केली. मुंगी थांबली म्हणजे मी ठिकाणावर आले असं मी आजवर धरत होते. उद्यापासून मुंगीनंतरच्या पहिल्या पाच स्लिपा दोनदा वाचायच्या, असं खाली लिहून ठेवलं.

मग खुर्चीत बसून घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला चौदा.